आत्ता नाही, 6 एप्रिलपासून

पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनाकडून नोव्हेंबरच्या सुरुवातीला अनुवादिकेला मेल येतो. इंग्रजी पुस्तक आहे, साधारण 60 हजार शब्दांचं. डिसेंबरमध्ये सुरुवात करावी आणि मार्चच्या मध्यापर्यंत हस्तलिखित द्यावं, अशी विनंती आहे. विषय तिच्या आवडीचा, संपादक ओळखीच्या, मानधनही ठीक. फक्त वेळ नाही. एक काम 31 जानेवारीला द्यायचं आहे, दुसरं 20 मार्चला. हा प्रसंग कल्पित आहे, पण मराठीत अनुवाद, संपादन, चित्रं किंवा मुद्रितशोधन करणाऱ्या बहुतेकांना तो ओळखीचा वाटेल.

अशा वेळी बरेचदा जो मेल जातो तो असा: ‘पुस्तक फार छान आहे. सध्या जरा गडबडीत आहे, पण बघते. थोडे दिवसांनी बोलू.’ लिहिणारीला वाटतं, आपण नकार दिला. वाचणाऱ्या संपादकांना वाटतं, होकार आला, फक्त सुरुवात आठ-पंधरा दिवस उशिरा होईल. त्या दुसऱ्या कुणाला विचारत नाहीत. जानेवारीत त्यांचा फोन येतो, ‘कुठपर्यंत आलंय?’ तोवर दोन महिने गेलेले असतात. कडवटपणा येतो तो इथून. स्पष्ट नकारामुळे संबंध तुटल्याची उदाहरणं मला फार कमी दिसली आहेत, लटकत ठेवल्यामुळे तुटल्याची पुष्कळ.

म्हणून मेल लिहायला घेण्याआधी हिशोब करावा लागतो. 60 हजार शब्द, रोजचे 1,200 शब्द कच्चा अनुवाद, म्हणजे कामाचे 50 दिवस. आठवड्याचे पाच दिवस धरले तर दहा आठवडे. मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचून भाषा नीट करायला तीन आठवडे, आणि आजारपण, लग्नकार्यं, वीज-इंटरनेट यांसाठी एक. एकूण चौदा आठवडे. 20 मार्चला हातातलं काम संपत असेल, तर 23 मार्चला सुरुवात करता येईल असं कागदावर दिसतं. पण अनुवादिकेने 6 एप्रिल द्यावी, आणि चौदा आठवडे मोजून 10 जुलै ही पूर्णतेची तारीख.

मधले दोन आठवडे कशासाठी? हातातली कामं लांबतात, यासाठी. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध कधी पूर्ण होईल हे विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता, प्रत्यक्षात सुमारे 55 लागले. आळस हे त्यामागचं मुख्य कारण नव्हे. अंदाज करताना आपण सगळं सुरळीत चाललेलं चित्र डोळ्यांपुढे आणतो आणि मागच्या खेपेला काय झालं होतं ते आठवत नाही.

पुढची तारीख देण्यात आणखी एक सापळा आहे, आणि तो अधिक फसवा आहे. गॅल झॉबरमन आणि जॉन लिंच या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं की पुढे आपल्याकडे आजच्यापेक्षा जास्त मोकळा वेळ असेल असं माणसांना वाटतं. पैशांबाबत हा भ्रम इतका मोठा नसतो. नोव्हेंबरमध्ये पाहिलं तर एप्रिलचं पान कोरं दिसतं, कारण एप्रिलमधली कामं अजून आलेली नसतात. म्हणून कोऱ्या पानाकडे पाहून तारीख देऊ नये. स्वतःला एक प्रश्न विचारावा: हेच काम येत्या सोमवारी सुरू करायचं असतं, तर हातातलं काही बाजूला सारून मी ते घेतलं असतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर पुढची तारीख देऊच नये. मानधन कमी वाटत असेल, विषय रुचत नसेल, तर तसं सांगावं. कॅलेंडरच्या आडोशाने दिलेला नकार एप्रिलमध्ये परत दारात येतो, आणि तेव्हा ते कारण उरलेलं नसतं.

उत्तर ‘हो’ असेल तर मेल त्याच साखळीत, दोन दिवसांच्या आत पाठवावा. विषयाच्या ओळीतच निर्णय असावा: ‘अनुवाद: डिसेंबरमध्ये शक्य नाही, 6 एप्रिलपासून शक्य’. आणि आत:

‘सप्रेम नमस्कार. या पुस्तकासाठी माझा विचार केलात, याबद्दल मनापासून आभार. डिसेंबरमध्ये हे काम मला घेता येणार नाही. 20 मार्चपर्यंतचा माझा वेळ आधी स्वीकारलेल्या कामांना दिलेला आहे. पुस्तक थांबू शकत असेल, तर मी सोमवार, 6 एप्रिलला सुरुवात करून 10 जुलैपर्यंत पूर्ण हस्तलिखित देऊ शकेन. ही जागा मी 20 नोव्हेंबरपर्यंत आपल्यासाठी राखून ठेवते. हक्काच्या मुदतीमुळे थांबणं शक्य नसेल, तर निःसंकोच दुसरीकडे विचारावं. हव्या असल्यास मी एक-दोन नावं त्यांच्याशी बोलून सुचवीन.’

नकार दुसऱ्याच वाक्यात आला आहे, आणि त्यात ‘बहुधा’, ‘जरा’, ‘बघते’ असं काही नाही. कारण एका ओळीत संपतं. कोणती कामं, कुणाची, ती का लांबली, हे लिहिलं की समोरच्याला त्यात फट शोधण्याचं निमित्त मिळतं, शिवाय त्या दुसऱ्या प्रकाशकाची माहितीही उगाच बाहेर जाते. सुरुवातीची आणि शेवटची, अशा दोन्ही तारखा दिल्यामुळे संपादकांना छपाईचं वेळापत्रक मांडता येतं. हक्काच्या मुदतीचा उल्लेख विशेष उपयोगी. अनुवादहक्काच्या करारात पुस्तक किती महिन्यांत प्रसिद्ध झालं पाहिजे हे बहुधा लिहिलेलं असतं. ती मुदत जवळ असेल तर जुलै प्रकाशकाच्या कामाचा नाही, आणि हे त्यांना लगेच कळणं हाच सौजन्याचा भाग आहे.

20 नोव्हेंबर ही राखणीची मुदत लिहायला अनेक जण कचरतात. ती उद्धट नाही. ती नसेल तर अनुवादिका एप्रिलपासूनची दुसरी कामं नाकारत राहते आणि संपादकांना त्याचा पत्ताही नसतो. मेल गेल्याबरोबर कॅलेंडरमध्ये 6 एप्रिल ते 10 जुलै अशी तात्पुरती नोंद करावी. ती केली नाही, तर डिसेंबरमध्ये येणारं तिसरं काम तिथे अलगद येऊन बसतं.

मग फोन येतो. ‘ताई, छोटंसं तर पुस्तक आहे, रोज थोडं थोडं करा ना.’ हा क्षण मेलपेक्षा कठीण. नवी कारणं देऊ नयेत. तीच तारीख पुन्हा सांगावी: ‘रोज थोडं करून ते नीट होणार नाही. 6 एप्रिलपासून पूर्ण वेळ देईन.’ बोलणं संपल्यावर ठरलेलं दोन ओळींत मेलवर टाकावं, कारण फोनवरचा ‘बरं बरं’ दोघांना वेगवेगळा आठवतो.

आणि 20 नोव्हेंबर उलटूनही उत्तर आलं नाही, तर गप्प राहून ती जागा दुसऱ्याला देऊ नका. ‘एप्रिलची जागा आता मोकळी करते आहे, पुढे कधी गरज पडली तर जरूर विचारा’ एवढं आधी कळवा, मगच नोंद पुसा.