कंपनी ‘सेझ’मध्ये आहे, पण कोणता मजला?

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीकडून पुण्याच्या फर्निचर व्यापाऱ्याला पाच लाखांच्या खुर्च्यांची ऑर्डर येते, असं समजू. ऑर्डरखाली एक ओळ असते: ‘आम्ही सेझ युनिट आहोत, बिलात जीएसटी लावू नये.’ खुर्च्यांवर 18 टक्के कर आहे, म्हणजे प्रश्न नव्वद हजारांचा. ही ओळ खरी निघाली तर कर लागत नाही. खोटी किंवा अर्धवट खरी निघाली, तर तो कर व्याजासकट व्यापाऱ्याच्या मानेवर बसतो, कारण सरकार कर मागतं ते विकणाऱ्याकडे.

गोंधळ होतो तो एका समजुतीमुळे. लोक म्हणतात, ‘ती कंपनी सेझमधली आहे.’ पण 2005 च्या सेझ कायद्यानुसार परवानगी अख्ख्या कंपनीला मिळत नाही; ती मिळते ठरलेल्या जागेतल्या, ठरलेलं काम करणाऱ्या युनिटला. त्याच कंपनीचं दुसरं ऑफिस रस्त्याच्या पलीकडे असेल, तर ते सर्वसामान्य ऑफिस. डिसेंबर 2023 मध्ये नियम आणखी सैल झाले. आयटी सेझमधल्या इमारतीचे काही मजले आता सेझच्या सवलतींबाहेर काढून साध्या कंपन्यांना देता येतात. त्यामुळे फाटकावर ‘एसईझेड’ची पाटी असली आणि आत कडक तपासणी होत असली, तरी पाचवा मजला सेझचा आणि सहावा नाही, असं असू शकतं. पाटीवर भरवसा ठेवण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

मग तपासायचं कसं? पहिली पायरी घरबसल्या होते. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक `services.gst.gov.in` वरच्या `Search Taxpayer` मध्ये टाकायचा आणि `Taxpayer Type` समोर काय दिसतं ते पाहायचं. तिथे `SEZ Unit` किंवा `SEZ Developer` हवं. `Regular` असेल तर विषय संपला. सेझ युनिटला वेगळी नोंदणी घ्यावीच लागते. त्यामुळे एकाच कंपनीचे महाराष्ट्रातच दोन क्रमांक असू शकतात: सुरुवातीचे 27 आणि पुढचा पॅन तोच, फरक फक्त शेवटच्या तीन खुणांत. खरेदी विभागातला एखादा कारकून जुन्या ऑर्डरवरून चुकीचा क्रमांक उचलतो आणि घोळ होतो तो इथेच. नोंदणी रद्द झालेली नाही ना, आणि पत्ता माल उतरवायच्या जागेशी जुळतो ना, हेही त्याच पानावर दिसतं.

दुसरी पायरी म्हणजे ग्राहकाकडून ‘लेटर ऑफ अप्रूव्हल’ची प्रत मागणं. हे पत्र विकास आयुक्तांच्या कार्यालयातून मिळतं. त्यात युनिटची जागा आणि मंजूर काम लिहिलेलं असतं. उत्पादन किंवा सेवा सुरू झाल्यापासून ते पाच वर्षं चालतं, मग नूतनीकरण लागतं. मुदत संपलेली प्रत बिनदिक्कत पाठवणारे ग्राहक असतात, म्हणून तारीख आधी वाचावी.

सगळं जुळलं, तर व्यापाऱ्याच्या बिलाचं रूपच बदलतं. व्यापारी पुण्याचा, ग्राहक पुण्याचा, तरी कायदा हा व्यवहार आंतरराज्य मानतो; म्हणून सीजीएसटी-एसजीएसटी नाही, आयजीएसटी. तोही शून्य दराने. त्यासाठी व्यापाऱ्याने त्या आर्थिक वर्षाचं हमीपत्र, बोलीभाषेत ‘एलयूटी’, पोर्टलवर आधी भरलेलं हवं. ते नसेल तर नव्वद हजार भरून नंतर परतावा मागायचा. त्या परताव्यासाठी माल पूर्णपणे आत पोहोचला आणि मंजूर कामासाठीच आला, असा सेझमधल्या अधिकाऱ्याचा शेरा लागतो. ऑक्टोबर 2023 पासून ‘मंजूर कामासाठी’ ही अट मूळ कायद्यातच आली आहे. कर्मचाऱ्यांच्या खुर्च्या त्यात सहज बसतात. संचालकाच्या घरी जाणारा सोफा बसत नाही.

उलट दिशेचा व्यवहारही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सेझ युनिटने आपला माल देशातल्या ग्राहकाला विकला, तर तो परदेशातून आणल्यासारखा धरला जातो आणि सीमाशुल्क लागतं. अंधेरीच्या सीप्झमधला दागिना म्हणूनच झवेरी बाजारात नुसत्या बिलावर येऊ शकत नाही. शिवाय पाच वर्षांत कमावलेलं परकीय चलन खर्चलेल्यापेक्षा जास्त असायला हवं, ही अट युनिटवर असतेच.

सेझमध्ये आहे म्हणजे प्राप्तिकर माफ, हाही अंदाज आता चुकतो. ती सवलत टप्प्याटप्प्याने कमी होणारी होती आणि 31 मार्च 2020 नंतर मंजुरी मिळालेल्या युनिटांना ती मिळत नाही. नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत तर ‘आत कामगार कायदे लागू नाहीत’ असं सर्रास सांगितलं जातं. सेझ कायद्याच्या कलम 49 ने केंद्राला काही कायदे शिथिल करण्याचा अधिकार दिला आहे, पण कामगार संघटना, भविष्यनिर्वाह निधी आणि प्रसूती लाभ यांचे कायदे त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत. एचआरवाल्याने काहीही सांगितलं, तरी पगारातून कापलेला पीएफ फाटकाच्या आतही भरावाच लागतो.