डेंग्यू, कॅन्सल झालेली फ्लाइट आणि मेडिकल सर्टिफिकेट: पैसे नेमके कुठून परत येतात?

आजच्या भागाचा विषय आहे, ट्रिपच्या तोंडावर घरात कोणी आजारी पडलं तर विमानाच्या तिकिटाचं काय करायचं. ऑडिओ ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लिखित भाग. आकडे आणि ई-मेलचा विषय जसाच्या तसा हवा असेल तर इथूनच कॉपी करा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवू. तिकिटाची रक्कम ही एक रक्कम नसते. तिचे तीन तुकडे असतात. पहिला, मूळ भाडं आणि इंधन अधिभार. दुसरा, सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं. तिसरा, बुकिंग अ‍ॅपची कन्व्हिनिअन्स फी. डीजीसीएचा नियम सांगतो की तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी दुसरा तुकडा परत द्यायलाच हवा, आणि कॅन्सलेशन चार्ज पहिल्या तुकड्यापेक्षा जास्त असू शकत नाही. कन्व्हिनिअन्स फी सहसा जातेच.

मग मेडिकल सर्टिफिकेट कुठे चालतं? फक्त पहिल्या तुकड्यावर. कर परत मागायला सर्टिफिकेट लागत नाही, तो तुमचा हक्क आहे. मूळ भाड्यावरची सूट मात्र एअरलाइनच्या धोरणावर असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने जो मसुदा मांडला, त्यातही मेडिकल इमर्जन्सीत एअरलाइन रिफंड किंवा क्रेडिट 'देऊ शकते' असंच म्हटलं होतं, 'द्यावंच' असं नाही. त्यामुळे ई-मेलचा सूर भांडणाचा नको, विनंतीचा हवा.

आता आमच्याच घरचा हिशोब घेऊ. आई-बाबा आणि मी राहतो नाहूरला, ताई पुण्यात. चौघांचं ऑगस्टमध्ये कोचीला जायचं ठरलं होतं, पण माझी रजा मंजूर न झाल्याने तिकिटं तिघांचीच काढलेली. आई-बाबांचं एका पीएनआरवर, ताईचं तिने स्वतः काढलेलं, वेगळ्या पीएनआरवर. विमान शुक्रवारी सकाळी. बुधवारी संध्याकाळी आईचा एनएस-वन रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे डेंग्यू. जाणं शक्यच नव्हतं.

प्रत्येकी तिकीट ५,९०० रुपये. त्यात मूळ भाडं ४,८००, कर आणि शुल्कं ८००, कन्व्हिनिअन्स फी ३००. कॅन्सलेशन चार्ज ३,९९९. म्हणजे साधं कॅन्सल केलं असतं तर ४,८०० मधून ३,९९९ वजा जाऊन ८०१, अधिक ८०० कर, असे माणशी १,६०१ रुपये परत.

बाबांचा अंगठा लगेच `Cancel booking` वर गेला होता. मी म्हटलं, "बाबा, थांबा. आधी मेल, मग कॅन्सल." कारण एकदा नेहमीच्या चार्जने कॅन्सल झालं की सिस्टीममध्ये तो व्यवहार बंद होतो आणि नंतर सूट मागायला गेलं की कस्टमर केअरवाले बहुतेकदा 'आता काही करता येणार नाही' म्हणतात. पण उत्तराची वाट बघत बसणंही धोक्याचं. विमान सुटायच्या काही तास आधी कॅन्सलेशन बंद होतं आणि त्यानंतर तुम्ही 'नो-शो' ठरता, मग मूळ भाडं पूर्ण गेलं असं समजा. आपल्या तिकिटाची ती वेळ अटींमध्ये लिहिलेली असते, ती आधी बघा. त्या वेळेपर्यंत उत्तर आलं नाही, तर त्याच मेल-साखळीत 'नो-शो टाळण्यासाठी कॅन्सल करत आहे, सूटीची विनंती कायम आहे' असं लिहून मगच कॅन्सल करा.

मेलचा विषय असा ठेवला:

```
Medical waiver request | PNR <number> | Travel date <date>
```

आता सर्टिफिकेट. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आधी लिहून दिलं, 'ताप, पाच दिवस विश्रांती'. ऑफिसच्या रजेला हे चालतं, एअरलाइनने परत पाठवलं. का? कारण त्यावरून आजारी माणूस त्या दिवशी उडू शकत नाही हे सिद्ध होत नाही. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी लेटरहेडवर आईचं तिकिटावर आहे तसंच नाव, तपासणीची तारीख, निदान, आणि 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विमानप्रवासास अयोग्य' हे वाक्य लिहिलं. प्रवासाची तारीख त्या दोन तारखांच्या मध्ये पडली पाहिजे. खाली सही, शिक्का आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक सर्टिफिकेटवर लिहिणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि दिलेल्या सर्टिफिकेटांची नोंदवहीही त्यांना ठेवावी लागते. म्हणून 'डॉक्टर, जरा मागची तारीख टाका ना' असं म्हणू नका. खोटं सर्टिफिकेट दिल्याबद्दल त्यांची नोंदणी जाऊ शकते.

सोबत फक्त एनएस-वनचा रिपोर्ट जोडला. सगळी फाइल पाठवायची गरज नसते, बाकीचे आजार त्यांना कळायचं कारण नाही. पेशंट अ‍ॅडमिट असेल तर डिस्चार्ज कार्ड नंतर मिळतं, तोवर हॉस्पिटलकडून अ‍ॅडमिट असल्याचं पत्र घ्या.

निकाल काय लागला? आई-बाबा एकाच पीएनआरवर असल्याने दोघांनाही सूट मिळाली. प्रत्येकी ८०० बँकेत आणि ४,८०० चं क्रेडिट, एक वर्षाच्या मुदतीचं, त्याच नावांवर. ताईने नातं दाखवणारी कागदपत्रं दिली, तरी वेगळा पीएनआर म्हणून नकार. तिला नेहमीचे १,६०१ आले.

इथे एक बारीक गणित आहे. दोघांचं मिळून क्रेडिट ९,६०० दिसतं, पण त्यासाठी आपण दोघांचे ८०१, म्हणजे १,६०२ रुपये रोख सोडले. वर्षभरात आई-बाबा विमानाने जाणार असतील तर सौदा उत्तम. जाणारच नसतील तर ते ९,६०० म्हणजे स्क्रीनवरचा आकडा, त्यापेक्षा रोख १,६०२ बरे. 'हो' म्हणायच्या आधी तीन गोष्टी मेलवर लेखी घ्या: मुदत कधी संपते, त्या तारखेपर्यंत फक्त बुकिंग करायचं की प्रवासही पूर्ण करायचा, आणि नाव बदलता येतं का. नियमानुसार मिळणारा रिफंड मात्र एअरलाइन आपल्या मर्जीने क्रेडिटमध्ये ठेवू शकत नाही. तो निर्णय प्रवाशाचा.

तक्रार करायची वेळ आली तर आधी ओळखा, नकार कशाला आहे. मूळ भाड्याची सूट नाकारली तर त्यांच्याच धोरणातली ओळ दाखवून पुन्हा विचारा, त्यापुढे हातात फारसं नसतं. कर अडकवले असतील तर गोष्ट वेगळी. आधी एअरलाइनचा नोडल अधिकारी, मग एअरसेवा पोर्टल, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अ‍ॅपवरून बुकिंग केलं असेल आणि अ‍ॅपवाले एअरलाइनकडे बोट दाखवत असतील, तर लक्षात ठेवा, एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारीही एअरलाइनचीच.

रेल्वेवाल्यांसाठी एकच ओळ. कन्फर्म ई-तिकिटाची कपात गाडीला किती तास उरलेत यावर ठरते, तिथे सर्टिफिकेट शोधत बसू नका, आधी कॅन्सल करा. आयआरसीटीसीवर तिकिटासोबत मिळणारा विमा अपघातासाठी असतो, आजारपणामुळे कॅन्सल केलेल्या तिकिटासाठी नाही.

तुमच्या तिकिटाचे तुकडे कसे पडलेत हे कळत नसेल तर फेअर ब्रेकअपचा स्क्रीनशॉट पाठवा, फक्त पीएनआर आणि नाव झाकून. भेटू पुढच्या भागात.