दोन कर्मांपैकी मुख्य कोणतं?

'आईने मुलाला पोळी दिली.' या वाक्यात मुलगाही आहे आणि पोळीही, म्हणजे कर्मं दोन. तरी क्रियापद पोळीकडे बघून 'दिली' होतं. पोळीच्या जागी लाडू आणला की लगेच 'दिला'. मुलाची मुलगी केली तरी क्रियापदाला त्याचं काही नाही. 'पोळी दिली गेली' असंही म्हणता येतं, पण 'मुलगा पोळी दिला गेला' असं कुणी म्हणत नाही. म्हणजे मराठीत मुख्य कर्माचा मान दिलेल्या वस्तूला आहे.

पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत तो मान कुणाला, हे पाहू. तिथे 'पिका' म्हणजे शिजवणे. आपण 'मुलासाठी' म्हणताना नामाला 'साठी' जोडतो. स्वाहिली मात्र क्रियापदाच्याच पोटात एक 'इ' घालते आणि 'पिकिया' करते, म्हणजे कुणासाठी तरी शिजवणे. 'मामा अलिम्पिकिया म्तोतो चाकुला' म्हणजे आईने मुलासाठी जेवण शिजवलं. अशा प्रत्ययाला भाषाशास्त्रात अ‍ॅप्लिकेटिव्ह म्हणतात. त्याच्यामुळे मूल थेट कर्म होऊन बसतं.

मग जेवणाचं काय होतं? पहिली कसोटी क्रियापदातल्या खुणेची. 'अलिम्पिकिया'तला 'म्' मुलाची खूण आहे. त्या जागी जेवणाची 'कि' ही खूण घालून मुलासाठीचं वाक्य करता येत नाही. पण या एकाच कसोटीवर विसंबू नये. स्वाहिलीत माणूस कर्म असला की त्याची खूण एरवीही बहुधा येतेच. त्यामुळे 'म्' मुलाच्या माणूसपणामुळे आला असेल, अशी शंका उरते.

ती फेडते दुसरी कसोटी, कर्माला कर्त्याच्या जागी आणण्याची. 'चाकुला किलिपिक्वा', जेवण शिजवलं गेलं, हे चालतं. 'इ' घातल्यावर मात्र 'म्तोतो अलिपिकिवा चाकुला' हेच चालतं. त्याचा अर्थ, मुलासाठी जेवण शिजवलं गेलं, पण वाक्याचा कर्ता मूल. 'चाकुला किलिपिकिवा म्तोतो' प्रमाण स्वाहिलीत बसत नाही. साध्या क्रियापदात जेवणाला मोकळी असलेली वाट एका 'इ'ने बंद केली. म्हणजे मुख्य कर्म आता मूल.

मग दरवेळी दोघांपैकी एकच जिंकतो का? किलिमांजारोच्या उतारावरच्या किचागा भाषेत तसं होत नाही. जोन ब्रेस्नन आणि लिओबा मोशी यांनी १९९० मध्ये दाखवलं, की तिथे 'तो बायकोसाठी जेवण जेवतो' अशा वाक्यातून बायकोही कर्ता होऊ शकते आणि जेवणही. दोघांच्या खुणा एकाच क्रियापदात शेजारीशेजारीही येतात.

म्हणून घेणारा कोण आणि वस्तू कोणती, हे कळल्याने मुख्य कर्म ठरत नाही. त्या त्या भाषेतल्या कसोट्या एकेक करून लावाव्या लागतात, आणि दोन्ही कर्मं उत्तीर्ण झाली तर तोच निकाल मानावा लागतो.