पंचकर्म शिबिरात नेमके काय होते आणि जोरकस शोधन कोणी टाळावे

वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण या पाच शोधन उपचारांना आयुर्वेदात पंचकर्म म्हणतात. तेलाचा मसाज, वाफ आणि शिरोधारा यांचा या पाचांत समावेश नाही. मसाज म्हणजे अभ्यंग आणि वाफ म्हणजे स्वेदन. या दोन्ही शोधनापूर्वीच्या तयारीच्या क्रिया आहेत. कोणत्याही केंद्राचे माहितीपत्रक वाचताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण ‘सात दिवसांचे पंचकर्म’ म्हणून जे विकले जाते, त्यात बहुतेक वेळा तेल आणि वाफच असते. त्यात वाईट काही नाही. उलट अनेकांसाठी तेवढेच सुरक्षित असते. वाईट असते ते सात दिवसांत खरे शोधन उरकण्याची घाई.

विरेचनाचा, म्हणजे औषधाने जुलाब घडवण्याचा क्रम पाहिला की हा हिशेब स्पष्ट होतो. पित्ताच्या आणि त्वचेच्या तक्रारींसाठी हा उपचार सर्वाधिक वापरला जातो आणि त्याचा पारंपरिक काळ शरद ऋतू मानला जातो. सुरुवातीचे तीन ते पाच दिवस भूक आणि पचन सुधारणारी औषधे देतात. मग स्नेहपान सुरू होते. सकाळी उपाशीपोटी औषधी तूप प्यायचे, वर गरम पाणी घ्यायचे आणि कडकडून भूक लागेपर्यंत काही खायचे नाही. त्वचाविकारात बहुधा पंचतिक्त किंवा महातिक्तक घृत असते. पहिल्या दिवशी साधारण ३० मिलिलिटर, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ९०, अशी मात्रा चढत जाते. ती किती चढवायची हे वेळापत्रकावर ठरत नाही, आदल्या दिवशीचे तूप पचले की नाही यावर ठरते. ढेकर शुद्ध येऊन भूक लागली तर पचले. संध्याकाळपर्यंत तुपाचेच ढेकर येत असतील, डोके जड असेल, मळमळ होत असेल, तर दुसऱ्या दिवशी मात्रा वाढवता कामा नये. त्वचा मऊ पडली, शौच तुपकट झाले आणि तुपाचा वाससुद्धा नकोसा झाला की स्नेहन पुरे झाले असे समजतात. याला तीन ते सात दिवस लागतात.

त्यानंतरचे तीन दिवस तूप बंद असते. रोज अभ्यंग, वाफ आणि हलका, गरम आहार चालतो. विरेचनाच्या दिवशी सकाळी वजन, नाडी आणि रक्तदाब नोंदवून औषध दिले जाते. त्रिवृत् अवलेह, म्हणजे निशोत्तराचे चाटण, हे त्यातले सौम्य औषध. इच्छाभेदी रस बराच तीव्र असतो. त्यात जमालगोटा आणि पारा असतो. म्हणून देणाऱ्या वैद्याला औषधाचे नाव विचारावे. ते सांगायला टाळाटाळ झाली तर औषध घेऊ नये.

तास-दोन तासांत जुलाब सुरू होतात. रुग्ण थोडे थोडे गरम पाणी पीत राहतो, परिचारक वेग मोजतो. मळ पडतो ते पहिले दोन-तीन वेग धरत नाहीत. त्यापुढे दहा वेग झाले तर शुद्धी कमी, वीस झाले तर मध्यम आणि तीस झाले तर उत्तम मानतात. हा आकडा गाठण्याचा अट्टहास मात्र धोक्याचा आहे. शेवटी कफासारखा चिकट स्राव पडून वेग आपोआप थांबले, पोट हलके वाटले आणि नाडी ठीक असली की वेग बारा असले तरी उपचार पूर्ण होतो. दुपारपर्यंत काहीच झाले नाही म्हणून घाईने दुसरी मात्रा देणे ही नेहमी होणारी चूक. तसे केल्यास दोन्ही मात्रा एकदम काम करतात आणि रात्री रुग्ण गळून जातो.

पुढचे तीन ते सात दिवस जेवणाची पायरी हळूहळू चढवायची असते: आधी तांदळाची पातळ पेज, मग घट्ट पेज, मग मुगाचे कढण, मग मऊ भात. हे दिवस गाळून थेट विमानात बसणारे आणि त्याच रात्री मेजवानी झोडणारे लोक पोट बिघडल्याची तक्रार घेऊन परततात. सर्व टप्प्यांची बेरीज तेरा ते तेवीस दिवसांची होते.

या उपचाराकडून अपेक्षा किती ठेवायची, हेही आधीच ठरवावे. विरेचनानंतर वजन घटते, पण त्यातला बराच भाग पाण्याचा असतो आणि तो परत येतो. ‘विषारी द्रव्ये बाहेर पडतात’ या दाव्यातले द्रव्य कोणते आणि ते किती पडले, हे मोजून दाखवलेले नसते. काहींना हलके वाटते, झोप सुधारते. त्यात ठरलेल्या वेळेचे जेवण, विश्रांती आणि मद्य-तंबाखूपासून दूर राहणे यांचाही वाटा असतो.

जोरकस शोधन कोणाला नको, हे एका उदाहरणावरून नीट कळते. बावन्न वर्षांच्या एका स्त्रीला मधुमेह आणि रक्तदाब आहे असे धरू. ती ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायझाइड घेते. स्नेहपानात ती दुपारपर्यंत उपाशी राहील, पण ग्लिमेपिराइड साखर उतरवतच राहील. थरथर, घाम आणि भोवळ यायला वेळ लागणार नाही. विरेचनाच्या दिवशी जुलाबांवाटे पाणी, सोडियम आणि पोटॅशियम जाईल. हायड्रोक्लोरोथायझाइड त्यात भर घालील, टेल्मिसार्टन रक्तदाब सावरू देणार नाही आणि मूत्रपिंडांवर ताण येईल. ती मंदावली तर मेटफॉर्मिनही अंगात साठू लागते. गोळ्या स्वतःच बंद करणे हा यावरचा उपाय नाही, कारण साखर आणि रक्तदाब मग दुसऱ्या टोकाला जातात. अशा स्त्रीने विरेचनाचा नाद सोडावा. मधुमेहावरच्या ‘ग्लिफ्लोझिन’ गटाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उपवास आणि निर्जलीकरणात कीटोअॅसिडोसिसचा धोका असतो. लिथियम किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांनाही पाणी आणि क्षार घटल्याने औषध बाधू शकते.

गरोदर स्त्रिया, लहान मुले, फार वृद्ध आणि कृश माणसे, ताप असलेले रुग्ण यांना शोधन देऊ नये. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, अपस्मार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, रक्ती मूळव्याध, गुदभ्रंश, आतड्यांची सूज आणि खाण्याचे मानसिक विकार असतील तरीही ते टाळावे. पित्ताशयात खडे असतील किंवा स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, तर वाढत्या मात्रेचे तूपच दुखणे ओढवू शकते. वमन तर उच्च रक्तदाब, जठरातील व्रण किंवा अन्ननलिकेच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या असलेल्यांना अजिबात करू नये. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी जुलाबांच्या काळात त्या नीट शोषल्या जात नाहीत हे ध्यानात ठेवावे.

यांपैकी काही असेल तर सौम्य अभ्यंग, हलका आहार आणि विश्रांती एवढेच घ्यावे. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर वाफही नको, कारण भाजलेले कळत नाही. नाव नोंदवण्यापूर्वी चालू औषधांची यादी नोंदणीकृत बी.ए.एम.एस. वैद्याला आणि नेहमीच्या डॉक्टरांना, दोघांनाही दाखवावी. जुलाब किंवा उलट्या थांबत नाहीत, शौचात रक्त दिसते, पोटऱ्यांत गोळे येतात, लघवी होत नाही, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा बोलणे असंबद्ध होते, अशा वेळी केंद्रातल्या पुढच्या उपचाराची वाट न पाहता रुग्णाला थेट रुग्णालयात हलवावे. तो शुद्धीवर असेल आणि पोटात पाणी टिकत असेल तर वाटेत ओआरएस घोटाघोटाने पाजत राहावे.