पाच टक्के सूट कोणाला द्यावी?

औषध दुकानांच्या साखळीने पॉइंट द्यायचे ठरवले की पहिला आकडा सुचतो तो पाच टक्क्यांचा. किराण्यात, कपड्यांत तो चालूनही जातो. औषधांत मात्र 2013च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने नियंत्रित औषधांवर किरकोळ दुकानदाराची मिळकत त्याच्या खरेदी दराच्या 16 टक्के धरली आहे. कर वगळून छापील किमतीत ती चौदा टक्क्यांपेक्षाही कमी भरते. बाकीच्या औषधांवर थोडे जास्त सुटते.

समजा, मधुमेह आणि रक्तदाबाच्या एका ग्राहकाचे महिन्याचे बिल 1,200 रुपये आहे. दुकानाला त्यात 200 सुटतात आणि भाडे, पगार, मुदत संपलेला माल वजा जाता 50 उरतात. पाच टक्के म्हणजे 60 रुपये. येणाऱ्या प्रत्येकाला ते दिले, तर योजना पहिल्याच दिवशी तोट्यात.

पण जे बिल एरवी झालेच नसते, त्यावरचे जवळजवळ सगळे 200 रुपये हाती राहतात, कारण भाडे आणि पगार त्यासाठी वाढत नाहीत. म्हणून शोधायचा तो निसटू लागलेला ग्राहक, आणि तो जुन्या बिलांत दिसतो. दिवसाला दोन गोळ्या घेणाऱ्याने पंधराच्या चार स्ट्रिप नेल्या, तर तो तिसाव्या दिवसाच्या आसपास परत यायला हवा. चाळिसावा उजाडला, तर एकतर तो दुसरीकडे घेतो आहे, नाहीतर गोळ्या चुकवतो आहे. हिशेब ब्रँडवर नव्हे, औषधाच्या मूळ घटकावर ठेवावा. नाहीतर डॉक्टरांनी कंपनी बदलली की ग्राहक हरवल्यासारखा वाटतो.

अशा उशीर झालेल्यांचे चिठ्ठ्या टाकून दीडशे-दीडशेचे दोन गट करा. एकाला आठवण आणि 60 रुपयांचे कूपन, दुसऱ्याला काहीच नाही. समजा, पहिल्यातले 50 आले आणि दुसऱ्यातले 20 आपणहून आले. कूपनची खरी कमाई 30 बिलांची, म्हणजे 6,000 रुपये. खर्च मात्र पन्नासही जणांवर, 3,000. दुसरा गट नसता तर पन्नासही बिले योजनेच्या खात्यात टाकून मोकळे झालो असतो! नुसती आठवण पाठवलेला तिसरा गटही ठेवावा. पुष्कळदा तेवढ्यानेही काम भागते, आणि तो खर्च काही पैशांचा.

धोका असा, की कूपनसाठी मुद्दाम उशीर करायला लोक लवकर शिकतात. म्हणून ते वर्षातून एकदाच द्यावे आणि साखळीच्या स्वतःच्या ब्रँडच्या मालावर, म्हणजे बँडेज, साबण, डायपर यांवरच वटावे. तिथे मिळकत जास्त असल्याने 60 रुपयांची वस्तू दुकानाला त्याहून बरीच स्वस्त पडते. अँटिबायोटिक किंवा झोपेच्या गोळ्यांवर पॉइंट ठेवूच नयेत. गरजेपेक्षा जास्त औषध घ्यायला बक्षीस कसले?

एकाच मोबाईल नंबरावर रोज पंधरा बिले दिसली, तर ते मोठे कुटुंब नसते. ग्राहक नंबर देत नाही तेव्हा काउंटरवरचा कोणीतरी आपला टाकत असतो. आणि आठवणीच्या संदेशात औषधाचे नाव कधीच नको, कारण फोन घरात कोणाच्याही हातात असतो.