कांद्यातील इन्युलिन व पोटातील जीवाणू

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील भाताचे तालुके होत. येथील घरांत भात किंवा नाचणीची भाकरी, तिच्याबरोबर मुठीने फोडलेला कांदा आणि लसणाची चटणी हा आहार नित्याचा आहे. कांद्याकडे तोंडीलावणे म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः त्यातील एक घटक माणसाला पचत नाही, आणि तो पचत नाही हाच त्याचा उपयोग होय.

या घटकास इन्युलिन म्हणतात. फळांत असणाऱ्या साखरेचे कण साखळीसारखे एकमेकांस जोडून तो बनलेला असतो. कांद्यातील साखळ्या आखूड असतात, एवढाच फरक. ही जोडणी तोडणारा पाचकरस माणसाच्या शरीरात नाही. त्यामुळे तो जठर व लहान आतडे ओलांडून जवळजवळ जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोचतो. तेथे राहणारे बिफिडो वर्गातील जीवाणू मात्र ती साखळी तोडून तिच्यावर वाढतात. या आंबण्यातून सौम्य आम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे मुख्य अन्न आहे, आणि आम्लता वाढली की अनेक उपद्रवी जंतूंना तेथे जम बसविणे अवघड जाते. जीवाणूंच्या अशा अन्नास 'प्रीबायोटिक' हे नाव १९९५ साली देण्यात आले.

आता प्रमाण पाहू. शंभर ग्रॅम कच्च्या कांद्यात, म्हणजे एका मध्यम कांद्यात, सुमारे ४ ग्रॅम असे तंतू असतात. लसणात ते याच्या तिप्पट, पण लसूण खाल्ला जातो थोडा. चार पाकळ्यांतून दीड ग्रॅमच्या आसपास मिळतात. एका पिकलेल्या केळ्यातून जेमतेम अर्धा ग्रॅम मिळतो. म्हणजे एका कांद्याची बरोबरी करावयास आठ केळी लागतील! तेव्हा केळे या बाबतीत कांद्याच्या पंक्तीस बसत नाही. कच्च्या केळ्याची गोष्ट वेगळी: त्यातील पिष्ट सहज पचत नाही व तेही जीवाणूंच्या वाट्यास जाते. पण केळे पिकले की त्या पिष्टाची साखर होते, आणि भाजीसाठी शिजविले की बरेचसे पिष्ट पचण्याजोगे होते. भाजी थंड झाल्यावर त्यातील थोडा भाग पुन्हा न पचणारा बनतो.

कांदा कोणता व केव्हाचा, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. ज्याच्या गरात पाणी कमी तो घट्ट कांदा टिकतोही अधिक व त्यात हे तंतूही अधिक असतात. पाणीदार गोड कांद्यात ते कमी असतात. माळशेज घाट उतरून जुन्नरकडून किंवा कसाऱ्यावरून नाशिककडून आलेला उन्हाळी कांदा पावसाळ्याची बेगमी म्हणून घरोघरी साठविला जातो. साठवणीत कांदा जिवंतच असतो. कोंब फुटण्याची वेळ आली की तो स्वतःच आपल्या साखळ्या तोडून त्यांची साखर करतो व ती कोंबास पुरवितो. मान मऊ लागणे, आत हिरवा कोंब दिसणे ही त्याची खूण. असा कांदा खाण्यास वाईट नव्हे, मात्र जीवाणूंसाठी त्यात थोडेच उरलेले असते. म्हणून कांदे ढिगात न कोंडता वारा लागेल असे मांडणीवर पसरून ठेवावेत आणि मान मऊ झालेले आधी वापरावेत.

हे तंतू पाण्यात विरघळतात. चिरलेला कांदा उकडून पाणी फेकून दिल्यास ते त्या पाण्याबरोबर जातात. आमटीत घातल्यास रश्श्यातच राहतात. काळपट होईपर्यंत तळल्यास काही भाग नष्ट होतो.

ज्यास कांद्याची सवय नाही त्याने एकदम दोन-तीन कच्चे कांदे खाल्ल्यास पोट फुगते, वात धरतो. तो आंबण्यातून निघालेला वायू होय. अर्ध्या कांद्यापासून आरंभ करून आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढविल्यास बहुतेकांस त्रास होत नाही. तरीही कळा येत राहिल्यास कांदा-लसूण कमी करावा; काहींचे आतडे या तंतूंना सोसत नाही.

ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बालकांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक उपयुक्त जीवाणू व याच जातीची आखूड साखळीची साखर सात दिवस पाजली असता रक्तदोषाचे व मृत्यूचे एकत्रित प्रमाण शेकडा ९ वरून ५.४ वर आले. परंतु ते औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिले होते. त्यावरून तान्ह्या मुलास कांद्याचा रस पाजावा असा अर्थ कोणी काढू नये. सहा महिन्यांपर्यंत बाळास आईचे दूध तेवढे द्यावे. बिफिडो जीवाणूंना पोसणाऱ्या न पचणाऱ्या साखरा त्या दुधातच असतात. पावसाळ्यात पाड्यावर एखाद्या मुलास जुलाब लागले तर कांद्याची वाट पाहू नये. त्याचे अंगावरचे दूध चालू ठेवून आशा सेविकेकडून क्षारसंजीवनी व जस्ताच्या गोळ्या घ्याव्यात, आणि मूल मलूल झाल्यास किंवा शौचात रक्त दिसल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.