पावत्या चारशे, टन मात्र जास्त

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा: बारामती-इंदापुरात हंगाम सुरू झाला की साऱ्या हिशेबाचं मूळ वजनकाट्यावर असतं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे. काट्यावरची नोंद संगणकाच्या मुख्य कोठारात, म्हणजे वेअरहाउसमध्ये, बरोबर पोचली की नाही, हे त्याआधीच कळायला हवं.

काट्याची पावती दोनदा लिहिली जाते, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. ट्रॅक्टर आत येताना भरलेलं वजन होतं. ऊस गव्हाणीत उतरवून तो परतला की रिकामं वजन होतं आणि वजाबाकीतून उसाचं वजन निघतं. मधल्या काही तासांत रिकाम्या वजनाचा रकाना कोराच असतो.

समजा, एका कारखान्यात दिवसाच्या 400 पावत्या झाल्या. रात्री माहिती उचलली तेव्हा 12 वाहनं आवारातच होती. सकाळी ओळी मोजल्या, तर इकडे 400 आणि तिकडेही 400. इथेच बहुतेक जण समाधान मानतात. पण एवढ्यावर न थांबता दोन्हीकडे हे चालवावं:

```sql
SELECT COUNT(*), SUM(tare_kg),
  AVG(CASE WHEN tare_kg IS NULL
      THEN 1.0 ELSE 0 END)
FROM slips
WHERE slip_date = '2024-12-10';
```

काट्याकडे कोऱ्या रकान्यांचं प्रमाण शून्य, कोठारात 0.03. म्हणजे तीन टक्के. त्या 12 ओळी एकदा उचलल्या गेल्या, पण नंतर भरलेलं वजन आणायला कोणी परत गेलंच नाही.

याहून वाईट म्हणजे कोणीतरी 'नीटनेटकेपणा' म्हणून कोऱ्या जागी 0 भरलेला असतो. मग कोऱ्यांचं प्रमाणही जुळतं! रिकामं वजन सरासरी 6 टन धरलं, तर कोठारात 72 टन ऊस नुसता हवेतून वाढतो. या तीन आकड्यांपैकी हे फक्त बेरजेतच दिसतं.

बेरीजही फसते. दोन शेतकऱ्यांची वजनं एकमेकांच्या खात्यावर गेली, तर एकूण आकडा हलत नाही. त्यासाठी पावती क्रमांक, खातं आणि वजनं एकत्र जोडून प्रत्येक ओळीचा चेकसम काढायचा आणि तो पावती क्रमांकानुसार ताडून पाहायचा. आधी लेखन एकसारखं करावं लागतं: 17.4 आणि 17.400, किंवा खाते क्रमांकामागची मोकळी जागा, यांनी चेकसम बदलतो आणि खोटी ओरड होते.

कोऱ्या राहिलेल्या वजनांची दुरुस्ती साधी आहे. रोज मागच्या तीन दिवसांच्या पावत्या पुन्हा उचलायच्या आणि पावती क्रमांकावरून जुन्या ओळी बदलायच्या. वाहन तीन दिवसांहून जास्त अडकलं, तर पुन्हा तीच गत.

काटाच चुकत असेल, तर मात्र या साऱ्या परीक्षा बिनबोभाट उत्तीर्ण होतात, कारण त्या मूळ आणि नक्कल एवढंच ताडतात. त्या संशयाला प्रमाणित वजनं आणि वैधमापनाचा निरीक्षकच लागतो.